जेवणाची कुपनं घ्यावीत की तेवढीच रक्कम रोख? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हिशेब कोणत्या वर्षाचा आहे?

आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात मिळालेल्या पगाराचा. या वर्षाला १९६१ चा आयकर कायदा आणि १९६२ चे आयकर नियम लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. त्या पुढच्या पगारासाठी इथले आकडे जसेच्या तसे वापरू नका, नव्या नियमांतली मर्यादा पाहून हिशेब पुन्हा मांडा.

कुपनांवर कर का लागत नाही? नियम नेमकं काय म्हणतो?

मालकाने नोकराला पगाराखेरीज दिलेल्या सोयींना आयकराच्या भाषेत परक्विझिट म्हणतात. त्यांची किंमत पगारात मिळवून तिच्यावर कर लावला जातो. फुकट जेवण हीसुद्धा अशीच एक सोय. पण नियम ३(७)(iii) मध्ये तिला एक सूट आहे: कामाच्या वेळेत कचेरीत दिलेलं जेवण आणि दारूखेरीजची पेयं, किंवा पैसे भरून घेतलेली कुपनं, यांची किंमत एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत असेल तर ती पगारात धरायची नाही.

कुपनांसाठी दोन अटी आहेत. ती दुसऱ्याला देता येऊ नयेत आणि फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी चालावीत. पुढे येणाऱ्या बहुतेक शंकांची उत्तरं या दोन अटींतच सापडतात.

नाव कुपन असलं तरी हातात येतं ते कार्ड किंवा मोबाइलवरचं पाकीट. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनंतर कागदी कुपनांची चळत बंद झाली. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सोडेक्सो’ हाच शब्द असतो, मग कार्ड कोणत्याही कंपनीचं असो.

जेवणामागे फक्त ५० रुपये? मग महिन्याचे २,२०० कुठून येतात?

दिवसाला दोन वेळचं खाणं आणि महिन्याला २२ कामाचे दिवस असं धरून: ५० गुणिले २ गुणिले २२ म्हणजे २,२०० रुपये. वर्षाचे २६,४००. सहा दिवसांचा आठवडा असलेल्या कंपन्या २६ दिवस धरतात. त्यांच्याकडे महिन्याचे २,६०० आणि वर्षाचे ३१,२०० होतात.

नियमात मर्यादा आहे ती एका जेवणाची. ‘२,२००’ हा आकडा नियमात कुठेही नाही. दिवसाला किती जेवणं, महिन्याला किती दिवस, हे प्रत्येक कंपनीचं पगारखातं कामाच्या वेळा बघून ठरवतं. म्हणूनच मैत्रिणीला २,६०० ची सूट आणि तुम्हाला २,२०० ची, यात दोघींपैकी कुणाचंही चुकलेलं नसतं. आठ-नऊ तासांच्या पाळीत दोन वेळचं खाणं सहज समजावून सांगता येतं. त्याच पाळीत चार जेवणं दाखवून ४,४०० करमुक्त म्हणणारी कंपनी मात्र स्वतःवर जोखीम ओढवून घेते, कारण कमी कर कापल्याचा जाब आधी तिलाच विचारला जातो.

पन्नास रुपयांत मुंबईत धड थाळी मिळत नाही हे खरं. पण २०२५-२६ चा हिशेब करताना मर्यादा तीच धरायची.

तेच २,२०० रुपये ‘फूड अलाउन्स’ म्हणून रोख घेतले तर?

संपूर्ण रकमेवर कर लागतो. पगारपत्रकावर भत्त्याचं नाव फूड, लंच किंवा मील काहीही असलं तरी बँकेत जमा झालेली रक्कम ही रोख पगारच आहे, आणि जेवणाच्या रोख भत्त्याला कायद्यात अशी सूट नाही. सूट वस्तूला आहे, रकमेला नाही. मालकाने जेवण द्यावं किंवा जेवणाशिवाय दुसरीकडे चालणार नाही असं कुपन द्यावं, एवढंच नियमाला मान्य आहे.

हॉटेलची बिलं जमा करून कंपनीकडून पैसे परत घेणंही याच कारणाने चालत नाही. बिलं खरी असतात, पण तुमच्या रोजच्या जेवणाचा खर्च भरून देणं म्हणजे तुम्हाला पैसे देणंच. (कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी गेल्यावरचा जेवणखर्च हा वेगळा विषय आहे. तिथे खर्च कंपनीचा असतो.)

नक्की किती कर वाचतो? एक पूर्ण उदाहरण द्या.

साधं उत्तर असं: जुन्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नाचा सर्वांत वरचा हिस्सा ज्या दराने करात जातो, त्या दराने २६,४०० वरचा कर वाचतो. सेस धरून ५ टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १,३७३ रुपये, २० टक्क्यांच्या टप्प्यात ५,४९१ आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात ८,२३७. पण खरा प्रश्न इथे संपत नाही, कारण कुपनांचा फायदा फक्त जुन्या प्रणालीत आहे, आणि जुनी प्रणाली मुळात तुम्हाला परवडते का हे आधी बघावं लागतं. त्यामुळे मुंबईत भाड्याने राहणाऱ्या एका नोकरदाराचा पगार पुरता मांडून पाहू.

महिन्याचा पगार १,२०,०००. त्यात बेसिक ५०,०००, घरभाडे भत्ता २५,००० आणि स्पेशल अलाउन्स ४५,०००. वर्षाचे झाले १४,४०,०००. घराचं भाडं महिना ३०,०००.

जुन्या प्रणालीत त्याला मिळणाऱ्या वजावटी अशा. घरभाडे भत्त्याची सूट ३,००,००० (मिळालेला भत्ता, मुंबईसाठी बेसिकचा अर्धा भाग, आणि भाड्यातून बेसिकचा दहावा भाग वजा करून उरलेली रक्कम या तिन्ही कसोट्यांचं उत्तर इथे ३ लाखच येतं). स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५००. ८०सी खाली १,५०,०००, त्यात ७२,००० त्याचा स्वतःचा पीएफ आणि बाकीचे पीपीएफ. आरोग्य विम्याचा हप्ता २५,०००. एनपीएसमध्ये स्वतः भरलेले ५०,०००. एकूण ५,७७,५००.

नव्या प्रणालीत यातलं काहीच चालत नाही, फक्त ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं.

| | करपात्र उत्पन्न | सेससह कर |
|---|---|---|
| जुनी प्रणाली, सगळा पगार रोख | ८,६२,५०० | ८८,४०० |
| जुनी प्रणाली, २६,४०० कुपनांत | ८,३६,१०० | ८२,९१० |
| नवी प्रणाली, रोख किंवा कुपन | १३,६५,००० | ८८,१४० |

पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. कुपनं नसतील तर या माणसाला नवी प्रणाली २६० रुपयांनी स्वस्त पडते. पगारातले २६,४०० कुपनांत वळवले की पारडं फिरतं आणि जुनी प्रणाली नव्यापेक्षा ५,२३० रुपयांनी स्वस्त होते. कुपनांची रक्कम लहान असते, पण दोन प्रणाली जिथे बरोबरीला येतात तिथे निकाल तीच ठरवू शकते.

हाच हिशेब उलट बाजूनेही बघायला हवा. याच माणसाने आरोग्य विम्याचा २५,००० चा हप्ता भरलाच नाही, तर कुपनं असूनही जुन्या प्रणालीतला कर ८८,११० होतो. फायदा उरतो ३० रुपयांचा. वर्षभर घरमालकाच्या पावत्या आणि पीपीएफचे दाखले जमवायचे ते तीस रुपयांसाठी, याला काही अर्थ नाही.

मग कोणी कुपनांचा विचारच करू नये?

ज्यांचा वर्षाचा पगार १२,७५,००० पर्यंत आहे आणि पगाराव्यतिरिक्त फारसं उत्पन्न नाही, त्यांनी. नव्या प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शननंतर करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए ची सवलत सगळा कर पुसून टाकते. जिथे करच शून्य आहे तिथे कुपनं वाचवणार काय? उलट रोकड कार्डात अडकते.

वरच्या टोकाला चित्र वेगळं आहे. पगार २४,७५,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर जुनी प्रणाली नव्याच्या बरोबरीला येण्यासाठी स्टँडर्ड डिडक्शन सोडून आणखी ८ लाखांच्या वजावटी लागतात. मोठं घरभाडं किंवा भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज असल्याशिवाय हा आकडा गाठणं अवघड. तो गाठला जात असेल तर कुपनांचे २६,४०० त्यात धरा आणि ८,२३७ रुपये वाचवा. नसेल तर नुसत्या कुपनांसाठी जुन्या प्रणालीत राहणं म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला.

कुपनं घेतल्यावर बँकेत येणारा पगार कमी झाला. फायदा गेला कुठे?

कार्डात गेला. वरच्याच माणसाचं महिन्याचं पगारपत्रक घ्या. सगळं रोख असताना १,२०,००० मधून पीएफ ६,०००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस ७,३६७ गेल्यावर बँकेत १,०६,४३३ येतात. कुपनं घेतल्यावर स्पेशल अलाउन्स ४५,००० चा ४२,८०० होतो, टीडीएस ६,९०९ वर येतो आणि बँकेत १,०४,६९१ जमा होतात. बँकेत १,७४२ रुपये कमी आले, पण कार्डावर २,२०० चढले. म्हणजे २,२०० चं खाणं १,७४२ ला पडलं. महिन्याचा नफा ४५८ रुपये.

यातूनच किती रक्कम वाया गेली तर चालेल हेही कळतं. महिन्याला कार्डावरचे ४५८ पेक्षा जास्त रुपये न वापरता बुडत असतील, किंवा कार्ड आहे म्हणून एरवी घेतलीच नसती अशी कॉफी तेवढ्या रकमेची होत असेल, तर रोख घेतलेलं बरं. घरून डबा नेणाऱ्यांनी कुपनं निवडण्याआधी मागच्या तीन महिन्यांचा बाहेरच्या खाण्याचा खर्च बघावा. तो महिन्याला ८०० च्या आसपास असेल तर २,२०० चा पर्याय कशाला घ्यायचा? अनेक कंपन्या ५०० किंवा १,००० च्या पटीत कमी रक्कम निवडू देतात.

नवी करप्रणाली निवडली आहे. कुपनं मिळतात, पण सूट मिळत नाही, असं का?

जून २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (लोक त्याला सीबीडीटी म्हणतात) नियम ३ मध्ये बदल करून नव्या प्रणालीसाठी कुपनांची सूट काढून घेतली. तेव्हापासून पगारखाती नव्या प्रणालीतल्या माणसाच्या कार्डात टाकलेली पूर्ण रक्कम परक्विझिट म्हणून पगारात मिळवतात. कार्ड बंद होत नाही. कर मात्र रोख पगाराइतकाच लागतो.

आता या माणसाच्या हाती काय येतं ते बघा. बँकेत २,२०० कमी येतात आणि टीडीएस एका पैशानेही कमी होत नाही. तीच रक्कम, फक्त खाण्याच्या ठिकाणीच चालणारी. म्हणून नव्या प्रणालीत असाल तर रोखच घ्या. अपवाद एकच: कंपनी ही रक्कम पगारातून न वळवता वरून देत असेल तर. तेव्हा कर भरूनही काहीतरी पदरात पडतंच.

कंपनीच्या कँटीनमध्ये फुकट जेवण मिळतं. नव्या प्रणालीत त्यावरही कर आहे का?

२०२० च्या बदलाने काढली ती कुपनांची सूट. कचेरीत कामाच्या वेळेत दिलेल्या जेवणाची ५० रुपयांपर्यंतची सूट दोन्ही प्रणालींत चालते. कामाच्या वेळेतला चहा आणि नाश्ता यांना वेगळी सूट आहे, त्यांना ५० ची मर्यादाही नाही. जेवणासाठी तुमच्याकडून काही पैसे कापले जात असतील तर ते जेवणाच्या किमतीतून आधी वजा होतात.

कंपनी महिन्याला ३,००० टाकते. मग सगळेच करमुक्त का नाहीत?

कार्डात किती टाकावं यावर नियमाचं बंधन नाही. बंधन आहे ते करमुक्त रकमेवर. कंपनी २,२०० ची मर्यादा धरत असेल तर उरलेले ८०० दर महिन्याला परक्विझिट म्हणून करपात्र होतात, वर्षाचे ९,६००. जुन्या प्रणालीतही या ८०० रुपयांना कुपनाचा काही फायदा नाही, त्यामुळे निवड तुमच्या हातात असेल तर मर्यादेवर थांबा.

कंपनी कुपनं देतच नाही. मी विवरणपत्र भरताना २६,४०० ची वजावट स्वतः घेऊ शकते का?

नाही. ही ८०सी सारखी वजावट नाही, जी गुंतवणुकीचा दाखला असला की नंतर मागता येते. मालकाने कुपन दिलं तरच त्याच्या किमतीला सूट आहे. दिलंच नाही तर सूट कशाला लागणार? वर्षाच्या मध्ये कुपनं सुरू झाली तर पुढच्या महिन्यांचाच फायदा. ऑक्टोबरपासून सुरू झाली तर सहा महिन्यांचे १३,२००. मागचे महिने भरून निघत नाहीत.

पगारखात्याने हिशेब बरोबर केला आहे हे कसं ओळखायचं?

पगारपत्रकावर कुपनांची नोंद दोन प्रकारे दिसते, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

बरोबर पद्धतीत स्पेशल अलाउन्स आधीच कमी केलेला असतो आणि करपात्र पगार त्या कमी रकमेवर निघतो. चुकीच्या पद्धतीत पूर्ण पगार करपात्र धरून कर काढतात, आणि मग कपातींमध्ये ‘मील कार्ड २,२००’ अशी एक ओळ घालून तेवढी रक्कम कार्डात टाकतात. दिसायला सारखंच, पण दुसऱ्या प्रकारात तुम्ही कर भरून उरलेल्या पैशातून स्वतःच कार्ड भरलेलं असतं. वाचलेला कर शून्य.

खात्री करण्यासाठी पगारपत्रकाबरोबर मिळणारं वार्षिक कराचं गणित उघडा. आपल्या उदाहरणात त्यातला वर्षाचा एकूण करपात्र पगार, इतर वजावटींच्या आधी, १४,१३,६०० दिसायला हवा. तिथे १४,४०,००० असेल आणि खाली कुठेही २६,४०० वजा झालेले नसतील तर त्याच महिन्यात पगारखात्याला कळवा. मार्चच्या पगाराआधी दुरुस्ती झाली तर जादा कापलेला कर उरलेल्या महिन्यांत वळता होतो. नंतर फॉर्म १६ हातात आल्यावर भांडणं जास्त कटकटीचं असतं.

वर्षाअखेर फॉर्म १६ च्या भाग ‘बी’ मध्ये कलम १७(१) खाली पगार आणि १७(२) खाली परक्विझिट अशा दोन ओळी असतात. सोबत फॉर्म १२बीए येतो, त्यात फुकट जेवणाची वेगळी ओळ आहे. जुन्या प्रणालीत मर्यादेतली कुपनं १७(२) मध्ये करपात्र म्हणून दिसता कामा नयेत. नव्या प्रणालीत ती दिसायलाच हवीत.

विवरणपत्र भरताना करप्रणाली बदलली तर कुपनांचं काय?

धंद्याचं उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला दर वर्षी मुदतीत विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, कंपनीला आधी काहीही कळवलं असलं तरी. इथे कुपनवाल्यांची हमखास चूक होते.

समजा, कंपनीत जुनी प्रणाली सांगितली होती. २६,४०० सूट म्हणून बाहेर राहिले आणि फॉर्म १६ मध्ये पगार १४,१३,६०० दाखवला गेला. जुलैत तुम्ही नवी प्रणाली निवडली. विवरणपत्रात आधीच भरून आलेला आकडा १४,१३,६०० चाच असतो, कारण तो कंपनीच्या माहितीवरून येतो. पण नव्या प्रणालीत कुपनांना सूट नाही, म्हणून हे २६,४०० तुम्हाला स्वतः १७(२) खाली मिळवायला हवेत. फॉर्म १६ मध्ये ते नाहीत म्हणून बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, आणि उत्पन्न कमी दाखवलं जातं.

उलट दिशेने अडचण वेगळी आहे. कंपनीने नव्या प्रणालीने कर कापला, कुपनं १७(२) मध्ये धरली आणि तुम्ही विवरणपत्रात जुनी प्रणाली घेतली. सूट लागू होते, पण १७(२) चा आकडा कमी भरला की तो फॉर्म १६ शी जुळत नाही आणि तफावतीचं कारण विचारणारी सूचना येऊ शकते. अशा वेळी कार्डात दर महिन्याला जमा झालेल्या रकमांचा उतारा, कुपनांचा उल्लेख असलेलं नेमणूकपत्र किंवा पगाररचनेचा कागद आणि १२ पगारपत्रकं हाताशी ठेवा.

हा घोळ टाळायचा असेल तर एप्रिलमध्येच दोन्ही प्रणालींचं गणित करून कंपनीला कळवा. काहीच कळवलं नाही तर कंपनी नवी प्रणाली धरते, आणि त्याच वेळी कुपनांचा पर्याय भरून ठेवला असेल तर सूट नसलेली कुपनं वर्षभर गळ्यात पडतात.

कार्डावर किराणा घेतला तर चालतं का?

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, कारण कार्ड देणाऱ्या कंपन्या सुपरमार्केटनाही जोडून घेतात. पण नियमातला शब्द आहे खाण्याची ठिकाणं. तांदूळ-डाळ त्यात मोडते का यावर वाद होऊ शकतो, उपाहारगृहातल्या जेवणावर होत नाही. कार्ड चाललं म्हणून सूट पक्की, असं समजू नका. साबण, भांडी, दारू तर नाहीच.

दुकानदार दहा टक्के कापून कार्डावरची रक्कम रोख देतो. काय हरकत आहे?

सूट मिळते तीच मुळी कुपन हस्तांतर न होण्याच्या आणि फक्त खाण्यासाठी वापरण्याच्या अटीवर. ते रोख करून घेतलं की ती अट मोडते आणि रक्कम पगारासारखी करपात्र होते. शिवाय व्यवहार कार्ड देणाऱ्याच्या नोंदीत राहतो: महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच दुकानात, पुरते २,२०० रुपये.

हिशेबानेही पाहा. दहा टक्के म्हणजे वर्षाला २,६४० रुपये. ५ टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस १,३७३ चा कर वाचवण्यासाठी त्याच्या जवळपास दुप्पट दुकानदाराला देतो.

रजेवर असताना किंवा घरून काम करताना कुपनं करमुक्त राहतात का?

कुपन कचेरीतच वापरलं पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे घरून काम करण्याने सूट जात नाही. पण २२ चा आकडा कामाच्या दिवसांचा आहे. एक-दोन दिवसांच्या रजेसाठी कंपन्या रक्कम बदलत नाहीत. लांब बिनपगारी रजेत मात्र कुपनं थांबायला हवीत, आणि बऱ्याच ठिकाणी ती थांबतात.

पीएफ, ग्रॅच्युइटीवर परिणाम होतो का?

रक्कम स्पेशल अलाउन्समधून वळवली आणि बेसिक तसंच राहिलं तर वरच्या उदाहरणातल्यासारखा पीएफ ६,००० च राहतो, ग्रॅच्युइटीही हलत नाही. बेसिक कापून कुपनं देत असतील तर नकार द्या. मालकाचा पीएफचा वाटा कमी होतो, ग्रॅच्युइटी कमी होते, आणि घरभाड्याच्या सुटीतली बेसिकच्या निम्म्या रकमेची मर्यादाही खाली येते.

नोकरी सोडताना कार्डावर शिल्लक राहिली तर?

आधी संपवा. ही रक्कम एटीएममधून काढता येत नाही आणि नव्या कंपनीच्या कार्डात वळवता येत नाही. राजीनामा दिल्यावर पहिल्यांदा दोन गोष्टी विचारा: शेवटच्या महिन्याची कुपनं दिवसांच्या प्रमाणात कापणार का, आणि कार्ड नेमकं कोणत्या तारखेला बंद होणार. काही ठिकाणी शेवटच्या दिवशीच कार्ड गोठवतात आणि शिल्लक अंतिम हिशेबात रोख देतात. तसं झालं तर ती रोख रक्कम करपात्र पगार म्हणून येईल, हे धरून चाला.